ओलायातलं पत्र, कराडची कुंडली

सरकारी नोकरी की खासगी, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या ज्योतिषांकडे रोज येतो. आखातातून येतो तेव्हा तो जास्त अवघड असतो, कारण एका पारड्यात पेन्शन असते आणि दुसऱ्यात रियाल. पुढे दिलेलं पत्र नमुन्याचं आहे. अशी पत्रं ज्या तपशिलांवर उभी असतात तेच तपशील एकत्र करून मी ते रचलं आहे. या प्रश्नाच्या सगळ्या बाजू नीट बघायच्या असतील तर समोर एक माणूस आणि त्याचे आकडे हवेत.

“आदरणीय गुरुजी, सा. न. वि. वि. माझी जन्मतारीख १२ डिसेंबर १९९८, जन्मस्थळ कराड. जन्मवेळ आजी सांगते सकाळी सातला दहा कमी, दवाखान्याच्या दाखल्यावर ७ वाजून ५ मिनिटं आहे. मी स्थापत्य शाखेचा पदवीधर, दोन वर्षं रियाधला साइटवर आहे. सध्याचा करार लवकरच संपतो आहे. इथं ओलायातल्या एका सल्लागार कंपनीनं महिना ८,१०० रियालची ऑफर दिली आहे. त्याच आठवड्यात घरी कनिष्ठ अभियंता पदाचं नियुक्तिपत्र आलं, तीस दिवसांत हजर व्हायचं आहे. बाबा म्हणतात, सरकारी नोकरीवर पाणी सोडू नकोस. आईला साडेसाती चालू आहे, तिला मी जवळ हवा आहे. ताईचं लग्न आणि घर मिळून अकरा लाखांचं कर्ज डोक्यावर आहे. माझ्या पत्रिकेत सरकारी नोकरीचा योग आहे की परदेशाचा? कोणती नोकरी धरू? आपण सांगाल तसं करीन.”

ओलाया म्हणजे रियाधचा कार्यालयांचा भाग. एका टोकाला फैसलिया मनोरा, दुसऱ्या टोकाला किंगडम सेंटर, मधे काचेच्या इमारतींची रांग आणि डिसेंबर २०२४ पासून खालून-वरून धावणारी मेट्रो. साइटवर उन्हात दोन वर्षं काढलेल्या मुलाला त्या इमारतींपैकी एकीत खुर्ची मिळणं म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्याला सांगावं लागत नाही. सौदीत भविष्य सांगण्याचा धंदा जादूटोण्यात धरला जातो आणि तो गुन्हा आहे. त्यामुळे विचारायचं ते गावाकडच्या गुरुजींनाच, तेही फोनवरून.

आता गुरुजी काय करतील ते पाहू. पारंपरिक, म्हणजे पाराशरी पद्धतीनं चालणारे असतील तर ते आधी लग्न काढतील, मग दशमस्थान, दशमेश आणि चालू दशा बघतील. दशम हे कर्मस्थान, रवी हा राजाचा आणि म्हणून सरकारचा कारक, शनी चाकरीचा. कृष्णमूर्ती पद्धतीचे असतील तर ते स्थानं गटानं बघतील. नोकरीसाठी दोन, सहा, दहा आणि अकरा, परदेशासाठी तीन, नऊ आणि बारा. शिवाय प्रत्येक स्थानाच्या आरंभबिंदूचा उपनक्षत्रस्वामी त्यांच्या दृष्टीनं निर्णायक असतो. महाराष्ट्रात या दोन्ही पद्धतींचे जाणकार मोठ्या संख्येनं आहेत. अनेक जण दोन्ही वापरतात, आणि उत्तर कोणत्या पद्धतीनं काढलं हे जातकाला सहसा कळत नाही.

या मुलाचा जन्म सूर्योदयाच्या आगेमागे झाला, ही गोष्ट इथं फार महत्त्वाची ठरते. डिसेंबरच्या मध्यावर कराडला सूर्य सातला पाच-सहा मिनिटं कमी असताना उगवतो. सूर्योदयाला लग्न आणि रवी राशिचक्राच्या जवळजवळ एकाच अंशावर असतात. त्या दिवशी रवी वृश्चिकेत होता, म्हणून लग्न वृश्चिक. वृश्चिकेपासून दहावी रास सिंह, तिचा स्वामी रवी. म्हणजे दशमेश रवी थेट लग्नात. पारंपरिक पद्धतीनं पाहणारा कोणीही ज्योतिषी ही कुंडली बघून म्हणेल की सरकारी नोकरीचा योग याहून स्पष्ट कुठला असणार! सातला दहा कमी धरा की सात पाच धरा, लग्नरास वृश्चिकच राहते आणि रवी तिच्यातच राहतो. बाबा खूश होतील.

तीच कुंडली कृष्णमूर्ती पद्धतीनं मांडू. इथं पहिलं स्थान लग्नबिंदूपासून सुरू होतं आणि क्षितिजाखाली पसरतं. क्षितिजाच्या लगेच वरचा भाग बाराव्या स्थानाचा. आजीची वेळ धरली तर रवी अजून क्षितिजाखाली आहे, म्हणजे पहिल्या स्थानात. दवाखान्याची वेळ धरली तर तो उगवून वर आलेला आहे, म्हणजे बाराव्यात. बारावं स्थान परदेशवासाचं. पंधरा मिनिटांच्या फरकानं दशमेश रवी घरच्या मातीतून उठून रियाधला जाऊन बसतो. एक वेळ आजीनं दिली आहे, दुसरी दवाखान्यानं, आणि दोन्हींमागे कुणाचा खोटेपणा नाही. बाळ बाहेर आलं तेव्हा घड्याळाकडे बघण्याइतकी फुरसत कुणाला होती?

हे उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलं आहे असं कुणाला वाटेल. सूर्योदयाचा जन्म नसता तर रवीनं असं ठळक घर बदललं नसतं, हे खरं. पण उपनक्षत्रस्वामीची अडचण प्रत्येक कुंडलीत आहे. कृष्णमूर्ती पद्धतीत राशिचक्राचे २४९ असमान तुकडे करतात. सगळ्यात लहान तुकडा सुमारे ३३ कलांचा. लग्नबिंदू साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे तो लहान तुकडा सव्वादोन मिनिटांत ओलांडला जातो. सगळ्यात मोठ्यालाही नऊच मिनिटं लागतात. दवाखान्याच्या दाखल्यांवरच्या जन्मवेळा बघा, त्यातल्या बऱ्याच पाचाच्या पटीत असतात. ज्या पद्धतीला दोन-तीन मिनिटांची अचूकता लागते तिला आपण पाच मिनिटांच्या पटीत बसवलेली वेळ पुरवतो. प्रामाणिक ज्योतिषी हे जाणतात. म्हणून ते आधी जन्मवेळेची शुद्धी करतात, म्हणजे लग्न, आजारपण, घरातला मृत्यू अशा होऊन गेलेल्या घटनांशी जुळेपर्यंत वेळ मागे-पुढे सरकवतात. सत्तावीस वर्षांच्या अविवाहित मुलाच्या आयुष्यात अशा घटना मोजक्याच असतात. मग जुळवायचं कशाशी?

जन्मवेळेची भानगड नको म्हणून काही जण प्रश्नकुंडली मांडतात. प्रश्न ज्या क्षणी विचारला त्या क्षणाची कुंडली. इथं रियाधमुळे वेगळा पेच येतो. क्षण एकच आहे, पण स्थळ कोणतं धरायचं? मुलगा ओलायात बसून फोन करतो, गुरुजी कराडात उचलतात. दोन ठिकाणांच्या रेखांशांत सुमारे साडेसत्तावीस अंशांचं अंतर आहे. घड्याळातला फरक अडीच तासांचा असला तरी सूर्याच्या हिशेबानं तो एक तास पन्नास मिनिटांचा. तेवढ्या वेळात लग्न जवळजवळ एक अख्खी रास पुढे जातं. कराडला मिथुन लग्न असेल तेव्हा रियाधला बहुधा वृषभ असेल. बरेच ज्योतिषी स्वतः जिथं बसून प्रश्न हाती घेतात ते स्थळ धरतात, काही जण प्रश्नकर्त्याचं धरतात. दोघांकडे आपापली कारणं आहेत. पण दशमस्थानाची रास बदलली की स्वामी बदलतो, आणि स्वामी बदलला की उत्तर.

साडेसातीबद्दल थोडक्यात. २९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत गेला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष या तीन राशींना साडेसाती आहे. बारांपैकी तीन राशी म्हणजे कोणत्याही वेळी ढोबळमानानं चौथा हिस्सा लोक साडेसातीत असतात. ज्या निवडयादीत या मुलाचं नाव लागलं तिच्यातही साधारण तेवढेच असणार, आणि त्यांच्या आयाही. आईची काळजी खरी आहे. ती तिच्या वयाची, तब्येतीची आणि मुलगा दूर असल्याची आहे, आणि त्याच शब्दांत तिचा विचार केला पाहिजे.

या सगळ्याची तपासणी महाराष्ट्रात झालेली आहे. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांतली निम्मी मुलं अभ्यासात हुशार होती आणि निम्मी मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघालेली उत्तरं ४६ टक्क्यांच्या आसपास होती. नाणं उडवून जेवढी मिळाली असती त्याहून जास्त नव्हती. ज्योतिषांचा आक्षेप असा की बुद्धिमत्ता हा एकच विषय तपासला, नोकरीचा काळ किंवा परदेशगमन नाही. आक्षेप ऐकण्यासारखा आहे. पण मग तशी चाचणी त्यांनी स्वतः आखून लोकांसमोर ठेवायला हवी होती. मला तरी अशी एकही चाचणी दाखवता येणार नाही जिच्यावर विसंबून या मुलाला “जा” किंवा “ये” म्हणता येईल.

गुरुजींकडे पत्र जातं ते मात्र केवळ ग्रहांसाठी नाही. सत्तावीस वर्षांचा मुलगा वडिलांशी वाद घालू शकत नाही, आईला नाही म्हणू शकत नाही, आणि ओलायातल्या खोलीवरच्या मित्रांना त्याच्या घरातलं माहीत नाही. गुरुजी घर ओळखतात. अनेक ज्योतिषी खरं तर याच ओळखीवर सल्ला देतात आणि पत्रिकेचा आधार त्याला मागून जोडतात. त्या सल्ल्यात जे शहाणपण असतं ते घर माहीत असल्याचं असतं. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की गुरुजींना किंवा कुणाही जाणत्या माणसाला सल्ला देण्यासाठी या पत्रातून पुरेसं कळतं का. मला वाटतं, नाही कळत. पत्रात जन्मवेळ दोन-दोन दिल्या आहेत, पण कर्ज कुणाचं आणि किती दरानं, हे एका शब्दानंही दिलेलं नाही. ओलायाच्या ऑफरमधला आकडा आहे, कराराची मुदत नाही. हजर होण्याची मुदत आहे, वेतनश्रेणी नाही.

आधी ओलायाची बाजू. ८,१०० रियाल हा आकडा सहसा तुकड्यांत येतो. समजा मूळ पगार ६,०००, घरासाठी १,५००, प्रवासाला ६००. एका रियालला सुमारे २३ रुपये धरले तर महिना एक लाख शहाऐंशी हजार, आणि सौदीत पगारावर आयकर नाही. खोली वाटून घेऊन काटकसरीनं राहिलं तर पाच हजार रियाल, म्हणजे एक लाख पंधरा हजार रुपये मागे पडतात. हा हिशेब एकट्याचा. लग्न होऊन बायको तिकडे गेली की अवलंबितांचं शुल्क सुरू होतं. माणशी महिना ४०० रियाल, २०२० पासून हाच दर आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्याच्याच खिशातून जातो. बायको आणि एक मूल म्हणजे वर्षाला ९,६०० रियाल नुसत्या कागदावर राहण्याचे. त्यात स्वतंत्र घर. रियाधची भाडी इतकी चढली की सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारला शहरातली भाडेवाढ पाच वर्षांसाठी गोठवावी लागली. पाच हजारांची शिल्लक मग दीड हजारावर येते, आणि मूल शाळेत गेलं की तीही जाते.

पेन्शन नाही. परदेशी कामगारासाठी तिथल्या सामाजिक विम्यात मालक दोन टक्के भरतो, पण ते कामावरच्या अपघातापुरतं. निवृत्तीसाठी काही नाही. त्याऐवजी सेवासमाप्तीची रक्कम असते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार. पण ती किती हातात पडेल हे नोकरी कशी संपली यावर ठरतं. मुदतीचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही, तर पूर्ण रक्कम. मधेच राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश. या मुलाची पहिली दोन वर्षं आता पुरी होत आहेत. नियुक्तिपत्राच्या घाईनं त्यानं करार संपण्याआधी राजीनामा टाकला तर एका पगाराएवढ्या हक्काच्या रकमेतलं काहीच मिळणार नाही, आणि दोन वर्षं पुरी झाल्यावर टाकला तर तिसरा हिस्साच. शिवाय मुदतीचा करार अवेळी मोडल्याची भरपाई त्यालाच द्यावी लागू शकते. कराराची शेवटची तारीख आणि हजर होण्याची शेवटची तारीख कागदावर शेजारी लिहून बघणं, हे त्याचं पहिलं काम. करार आपोआप पुढे वाढण्याचं कलम असेल, तर तो वाढवायचा नाही हे आधी लेखी कळवावं लागतं, तेही बघायला हवं.

ऑफरचं पत्र आणि नोंदवलेला करार यांत फरक पडतो, हीच जागा तिथं सगळ्यात जास्त फसवते. करार ‘किवा’ या सरकारी व्यवस्थेवर नोंदवला जातो, कामगारानं तो तिथं स्वतः उघडून मान्य करायचा असतो. त्याच्या एका बाजूला अरबी मजकूर असतो, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि दोन्हींत फरक निघाला तर अरबी खरा धरतात. म्हणून अरबी वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाला शेजारी बसवून चार गोष्टी बघाव्यात: मूळ पगाराचा आकडा, कराराची मुदत, परीक्षाकाळ किती दिवसांचा, आणि व्यवसाय म्हणून काय लिहिलं आहे. परीक्षाकाळ जास्तीत जास्त १८० दिवसांचा असू शकतो. तेवढ्या काळात कंपनी काही न देता निरोप देऊ शकते, म्हणजे सरकारी जागा सोडून सहा महिन्यांत दोन्हीकडून मोकळं होण्याची शक्यता कागदावर खरी आहे. व्यवसायाच्या रकान्यात अभियंता लिहिलेलं असेल तर सौदी अभियंता परिषदेची नोंदणी लागते. दुसराच काही हुद्दा लिहिला असेल तर तिथला अनुभव पुढे अभियंत्याचा म्हणून दाखवणं अवघड जातं. एवढं मात्र चांगलं झालं की २०२१ च्या सुधारणेनंतर करार संपल्यावर जुन्या मालकाच्या संमतीशिवाय नवीन मालकाकडे जाता येतं.

आणखी एक वारा ओळखून असावं. अभियंत्यांच्या जागांत सौदी नागरिकांचा किमान वाटा २०२१ मध्ये २० टक्के ठरला, २०२४ मध्ये २५ टक्के झाला आणि वाढायची दिशा कायम आहे. याचा अर्थ उद्या सगळे परत येतील असा नाही, कारण रियाधमध्ये बांधकाम प्रचंड चालू आहे. पण सत्ताविसाव्या वर्षी मिळालेली तिथली खुर्ची सत्तेचाळिसाव्या वर्षी असेल, या गृहीतकावर घर बांधू नये.

इकडे कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८००. सुरुवातीच्या मूळ वेतनावर ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर ५९,८३० रुपये. घरभाडे भत्ता मिळवून आणि कपाती वजा जाऊन सत्तावन्न हजारांच्या आसपास हातात. घर चालवून वीस हजार मागे पडतील असं धरू. कपातीतले सुमारे सहा हजार राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि सरकार त्यात आपले १४ टक्के, म्हणजे आठ हजार तीनशेच्या पुढे, घालतं. वडिलांच्या डोक्यात असलेली जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नाही, हे त्यांना सांगायला हवं. त्याबदली केंद्राच्या धर्तीवरची एकीकृत निवृत्तिवेतन योजना राज्य मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्वीकारली. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, हा तिचा गाभा. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत या मुलाची एकतीस वर्षं भरतात, म्हणजे तो पूर्ण हक्कात बसतो. उशिरा लागलेल्याला हे जमत नाही.

जागा सोडली तर पुन्हा मिळेल का? वयाची अट खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, म्हणजे दार बंद होत नाही. पण आधीची निवड राखून ठेवली जात नाही, पुन्हा जाहिरात यावी लागते आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते. जाहिराती दर वर्षी येत नाहीत, हे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसलेल्या कुणालाही विचारा. रियाधला दिवसभर काम करून ती परीक्षा दुसऱ्यांदा काढणं सोपं नाही. उलट दिशेनं, सरकारी सेवेत चार वर्षं काढलेला स्थापत्य अभियंता आखातात पुन्हा नोकरी शोधू शकतो. राजीनामा द्यावा लागेल, ना हरकत घ्यावी लागेल, पण अनुभव त्याच्या हातात असेल.

आता कर्ज, जे पत्रात एका ओळीत उरकलं आहे. अकरा लाख बँकेकडून नऊ टक्क्यांनी घेतले असतील, तर व्याज महिना सव्वाआठ हजार होतं. सरकारी पगारातून वीस हजार भरत राहिलं तर सहा वर्षांत कर्ज फिटतं, आणि वेतनवाढी धरल्या तर त्याआधीच. हेच अकरा लाख महिना दोन टक्क्यांनी गावातल्या कुणाकडून उचललेले असतील, तर नुसतं व्याज महिना बावीस हजार. वीस हजार भरून मुद्दल एक रुपयानंही कमी होत नाही, उलट कर्ज वाढतं. रियाधच्या पाच हजार रियालमधून तेच कर्ज वर्षभरात संपतं. या एका आकड्यावर त्याचं उत्तर उलटतं, आणि तो आकडा कोणत्याही पत्रिकेत नाही. तो बाबांच्या कपाटातल्या कागदावर आहे, किंवा कागदच नसेल तर त्यांच्या मनात.

घरात पैशाचं बोलणं मुलांसमोर होत नाही, हे आपल्याकडे जुनं आहे. मुलगा पैसे पाठवतो, वडील ते कुठं गेले ते सांगत नाहीत, दोघांनाही त्यात अवघडलेपण वाटतं. म्हणून रास-नक्षत्र विचारणं सोपं जातं आणि व्याजाचा दर विचारणं जड. गुरुजींनी फोनवर एवढंच विचारलं की “कर्ज कुणाचं आहे रे?”, तर ते त्या घराचे सगळ्यात उपयोगी हितचिंतक ठरतील.

माझं मत विचाराल तर असं. कर्ज बँकेचं असेल, तर या मुलानं नियुक्ती घ्यावी. एकट्याच्या हिशेबानं रियाधची पाच वर्षं सत्तर लाखांच्या जवळ दिसतात, पण तो दोनेक वर्षांत लग्न करणार आहे असं धरलं, तर दोन वर्षं पाच हजारांनी आणि तीन वर्षं दीड हजारांनी मिळून पावणेदोन लाख रियाल, म्हणजे चाळीस लाख रुपये. इकडे पाच वर्षांत वीस हजारांनी बारा लाख आणि निवृत्तिवेतन खात्यात साडेआठ लाखांच्या वर. फरक वीस लाखांचा उरतो. मोठी रक्कम आहे, मी ती कमी लेखत नाही. पण एकतीस वर्षांची सेवा आणि तिच्यामागची पेन्शन तेवढ्यात विकत मिळत नाही, आणि आई-वडील ज्या वयाला पोचले आहेत तिथून पुढची दहा वर्षं परत येत नाहीत. कर्ज खासगी, महिन्याच्या टक्क्यांचं असेल, तर आधी त्याचं रूपांतर बँकेच्या कर्जात होतं का ते बघावं. नियुक्तिपत्र हातात असताना बँक दार उघडते. तेही जमलं नाही तरच ओलाया, आणि मग त्याबद्दल मनात खंत ठेवू नये.

तीस दिवसांपैकी काही गेले असतील. राहिलेल्यांत त्यानं नियुक्ती देणाऱ्या कार्यालयाला आजच लेखी अर्ज करावा. त्यात सध्याच्या कराराची शेवटची तारीख लिहावी, कराराची प्रत जोडावी, हजर होण्यासाठी ठरावीक तारखेपर्यंत मुदतवाढ मागावी आणि पोच घ्यावी. मुदतवाढ देणं कार्यालयाच्या हाती आहे, तो हक्क नाही, म्हणून तोंडी आश्वासनावर विमानाचं तिकीट पुढे ढकलू नये. मुदतवाढ नाकारली गेली, तर सध्याच्या कंपनीशी बोलून परस्पर संमतीनं करार आधी संपवता येतो का, ते बघावं. तशी संमती लेखी मिळाली तर भरपाईचा प्रश्न सुटतो. सेवासमाप्तीच्या रकमेचा आकडाही त्याच कागदावर लिहून घ्यावा. ओलायाच्या कंपनीकडे नोंदवायच्या कराराचा मसुदा मागावा. मसुदा दाखवायला टाळाटाळ झाली, तर त्या ऑफरबद्दल जे कळायचं ते कळलं. आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी, आई स्वयंपाकघरात असताना, बाबांना वेगळा फोन करून कर्जाचा दर विचारावा.